दवाखान्याच्या बिलात एकच गोष्ट दोनदा लागली का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: आईला न्यूमोनियासाठी नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात सहा दिवस ठेवलं होतं, त्यातले तीन दिवस आयसीयूत. बिल चौदा पानांचं आहे. पानोपान ग्लोव्हज, सिरिंज, आयव्ही सेट लिहिलेत आणि वर ‘कन्झ्युमेबल्स’ अशी एक वेगळी रक्कम लावली आहे. काही दोनदा लागलं असेल तर मला कसं कळेल? विम्याचा दावा अजून मंजूर व्हायचा आहे.

उत्तर:

मी अकरा वर्षं दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर काम केलं आणि त्यानंतर विम्याच्या दाव्यांची छाननी करत आलो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. बिल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत गेलात तर हाती काही लागणार नाही. बिल तारखेप्रमाणे छापलेलं असतं आणि दोनदा लागलेली रक्कम क्वचितच एकाखाली एक दिसते. एक ओळ तिसऱ्या पानावर असते, दुसरी अकराव्या पानावर वेगळ्याच नावाने असते. म्हणून सुरुवात बिलापासून करू नका, आईच्या केसपेपरपासून करा. पेशंटला प्रत्यक्ष काय दिलं गेलं ते सिस्टरनी वेळेसह चार्टवर लिहिलेलं असतं. तो चार्ट समोर ठेवून बिल आपल्या हाताने पुन्हा मांडायचं आणि छापलेल्या बिलाशी ताडून पाहायचं.

त्यासाठी चार कागद हवेत: ओळवार तपशिलाचं बिल, इनडोअर फार्मसीच्या सगळ्या पावत्या (परतीच्या पावत्यांसह), औषधांचा व नर्सिंगचा चार्ट, आणि लॅबचे सगळे रिपोर्ट. पहिले दोन सुट्टीच्या वेळी मागितले की मिळतात. चार्टसाठी मात्र लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात. ‘चार्ट बाहेर देत नाही’ असं काउंटरवर कुणी म्हटलं तर वाद न घालता मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावाने अर्ज द्या. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी प्रती मिळतात.

आता एक खरं बिल घेऊ. तुमच्या आईसारखीच केस होती. वर्ध्याकडचे बासष्ट वर्षांचे गृहस्थ, न्यूमोनिया, नागपुरातला एक खासगी दवाखाना. ११ तारखेला रात्री साडेनऊला भरती, थेट आयसीयू. १४ तारखेला दुपारी तीनला वॉर्डात हलवलं. १७ तारखेला सकाळी अकराला डॉक्टरांनी सुट्टी लिहिली आणि विम्याची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. बिल १ लाख ८६ हजारांचं होतं. मुलगा माझ्याकडे आला तो ग्लोव्हजचा आकडा बघून संतापलेला होता. मी त्याला ग्लोव्हज बाजूला ठेवायला सांगितलं आणि आधी खाटेचे दिवस मोजायला लावले, कारण मोठी रक्कम बहुतेक वेळा तिथे अडकलेली असते.

त्या दवाखान्याच्या भरतीच्या फॉर्मवर नियम छापलेला होता: भरतीच्या वेळेपासून चोवीस तासांचा एक दिवस. काही ठिकाणी दुपारी बारा ते दुपारी बारा असा दिवस धरतात, काही ठिकाणी मध्यरात्री पेशंट ज्या खाटेवर असेल ती खाट लावतात. कोणता नियम आहे हे आधी पाहायचं आणि मग त्याच नियमाने मोजायचं. ११ च्या रात्री साडेनऊपासून १७ च्या रात्री साडेनऊपर्यंत बरोबर सहा दिवस होतात. म्हणजे संध्याकाळी पाचला निघालेला पेशंट सहाव्या दिवसाच्या आतच होता. तिसरा दिवस १४ च्या रात्री संपतो, तो आयसीयूत धरला तरी हिशोब आयसीयूचे तीन आणि वॉर्डाचे तीन असा होतो. बिलात मात्र आयसीयूचे चार आणि वॉर्डाचे चार लावले होते. सहा दिवसांच्या मुक्कामाला आठ दिवसांचं भाडं.

हे कसं घडतं तेही समजून घ्या, म्हणजे कुठे शोधायचं ते कळेल. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खाटेचा दर रोज आपोआप चढतो आणि त्या खाटेला जोडलेल्या बाकीच्या रकमाही सोबत चढतात: नर्सिंग, मॉनिटर, ड्युटी डॉक्टर. पेशंट दुपारी तीनला वॉर्डात गेला, पण खाट बदलल्याची नोंद कुणी रात्री उशिरा केली, तर जुनी खाट सिस्टीममध्ये भरलेलीच दिसते. मग त्या तारखेला दोन्ही खाटा लागतात आणि दोन्हींच्या सोबतच्या रकमाही लागतात. म्हणून ज्या दिवशी खाट बदलली तो दिवस बिलात बोट ठेवून वाचा. या केसमध्ये आयसीयूचे ७,५००, त्यासोबतचं नर्सिंग १,२०० आणि मॉनिटर ८००, तसंच वॉर्डाचे ३,००० आणि नर्सिंगचे ५०० असे एकूण १३,००० रुपये जास्तीचे निघाले. त्याच दिवशी आयसीयूच्या डॉक्टरांच्या व्हिजिटची रक्कमही लावलेली होती. मुलाला तीही काढून हवी होती. मी नाही म्हटलं. १४ तारखेला सकाळी डॉक्टरांनी पेशंटला तपासल्याची सही केसपेपरवर होती, त्यामुळे ती रक्कम योग्य होती. जे खरोखर दिलं गेलं त्यावर हरकत घेतली की तुमच्या बाकीच्या हरकतींचं वजनही कमी होतं.

यानंतर औषधं. सगळी औषधं तपासत बसू नका. जे इंजेक्शन महाग आहे आणि ठरलेल्या वेळेने रोज दिलं जातं, ते एकच निवडा. न्यूमोनियात बहुधा अँटिबायोटिक असतं. इथे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर आठ तासांनी चालू होतं, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. चार्टवरच्या सह्या मोजल्या: ११ ला एक, १२ ते १६ रोज तीन म्हणजे पंधरा, १७ ला सकाळचा एक. एकूण सतरा डोस. यातला पहिला डोस कॅज्युअल्टीत दिला होता आणि त्याचे पैसे कॅज्युअल्टीच्या बिलात वेगळे लागले होते. म्हणजे फार्मसीतून सोळा व्हायल यायला हव्या होत्या. पावत्यांप्रमाणे चोवीस आल्या आणि तीन परत गेल्या, म्हणजे बिलात एकवीस. पाच व्हायल जास्त.

आता पाच जास्त निघाल्या म्हणजे पाच चोरल्या, असं लगेच म्हणू नका. एक व्हायल हातातून पडून फुटल्याची सिस्टरची नोंद चार्टवर होती, ती मान्य करायची. एक कॅज्युअल्टीची होती. तिथे तातडीत आपत्कालीन साठ्यातली व्हायल वापरतात आणि नंतर पेशंटच्या नावाने इंडेंट, म्हणजे फार्मसीकडे मागणीची चिठ्ठी, काढून तो साठा भरून घेतात. साठा भरून घ्यायला हरकत नाही, पण मग कॅज्युअल्टीच्या बिलातली रक्कम निघायला हवी. ती निघाली नव्हती, म्हणून एकच डोस दोनदा लागला. उरलेल्या तीन व्हायलचं उत्तर पुन्हा १४ तारखेतच सापडलं. आयसीयूत पुढच्या दिवसाच्या तीन व्हायल मागवून ठेवल्या होत्या, पेशंट वॉर्डात गेला, वॉर्डाच्या सिस्टरनी नवा इंडेंट टाकला आणि आयसीयूतल्या तीन तिथल्याच कपाटात राहिल्या. पेशंटच्या नावाने त्या परत गेल्याच नाहीत. चार व्हायल, प्रत्येकी ३८० रुपये, म्हणजे १,५२० रुपये. रक्कम मोठी नाही, पण चार्ट आणि पावतीचा मेळ बसत नाही हे यातून लेखी सिद्ध होतं आणि त्यानंतर काउंटरवरचं बोलणं बदलतं.

एकाच औषधाच्या दोन ओळी दिसल्या की लोक घाबरतात, त्यासाठी एक खूण सांगतो. फार्मसीच्या प्रत्येक पावतीवर इंडेंट नंबर आणि वेळ असते. एकाच इंडेंट नंबरवर तेच औषध, तेवढ्याच नगांचं, दोनदा आलं असेल तर ती नक्की दुबार नोंद आहे. नंबर वेगळे असतील तर सकाळचा आणि रात्रीचा असे दोन इंडेंट असू शकतात, तिथे डोस मोजल्याशिवाय बोलायचं नाही. एकाच औषधाच्या दोन वेगळ्या किमती दिसल्या तर बहुधा बॅच वेगळी असते. मात्र किंमत पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त असता कामा नये. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यामुळे औषधाच्या ओळीवर वरून जीएसटी चढवलेला दिसला तर हरकत घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, सिरिंज-ग्लोव्हजचा. यांची प्रत्येक नगाची नोंद चार्टवर नसते, त्यामुळे थेट मोजता येत नाही. पण या वस्तू एकट्या वापरल्या जात नाहीत, कुठल्या ना कुठल्या कामासोबत लागतात. ते काम मोजा आणि त्यावरून वस्तूचा अंदाज बांधा. वरचं अँटिबायोटिक द्यायचं तर साधारण वीस मिलीत विरघळवून १०० मिलीच्या सलाइनमध्ये घालतात. म्हणजे एका डोसमागे सलाइनची एक छोटी बाटली, एक मोठी सिरिंज, आणि नळी धुवायला फार तर आणखी एक छोटी सिरिंज. सतरा डोसला सतरा-अठरा बाटल्या आणि तीस-पस्तीस सिरिंज समजण्यासारख्या आहेत. इतर इंजेक्शनं आणि रक्ताच्या तपासण्या त्यात मिळवा. साठ सिरिंज दिसल्या तरी मी वाद घालणार नाही, दीडशे दिसल्या तर कारण विचारेन.

आयव्ही सेट एकदा लावला की साधारण तीन-चार दिवस चालू शकतो. काही दवाखाने तो रोज बदलतात, म्हणजे सहा दिवसांत दोनपासून सहापर्यंत कुठलाही आकडा मान्य होण्यासारखा आहे. प्रत्येक डोसला नवा सेट लावल्यासारखे एकोणीस दिसले तर चार्टवर सेट बदलल्याच्या नोंदी मागा. शिरेतली सुई, म्हणजे कॅन्युला, लावली की हातावर आणि चार्टवर तारीख लिहितात. वयस्क माणसाची शीर पटकन सापडत नाही, दोन प्रयत्न वाया जाऊ शकतात. त्यामुळे सहा दिवसांत चार-पाच कॅन्युला लागल्या तर मी त्या सोडून देतो. नेब्युलायझरचा मास्क एका पेशंटला एकदा दिला की बहुधा पुरा मुक्काम तोच चालतो. तो रोज नवा लागलेला असेल तर विचारा.

ग्लोव्हजबद्दल मी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे गोल आकडा. या केसमध्ये १००, १०० आणि ४० असे तीन इंडेंट होते. तपासणीचे ग्लोव्हज शंभराच्या पेटीत येतात. एका पेशंटच्या नावावर पूर्ण पेटी आली की ती बहुधा सगळ्या आयसीयूत वापरली जाते, आणि त्याच दिवशी शेजारच्या खाटेच्या नावावरही एक पेटी येते. आयसीयूत दिवसाला तीस-चाळीस ग्लोव्हज लागणं अशक्य नाही, म्हणून आकड्यावर भांडून निभाव लागत नाही. नगांचा आणि जोडीचा घोळ मात्र तपासा: ४० नग लिहिलेत आणि दर जोडीचा लावलाय, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

तुमच्या बिलात मला सगळ्यात जास्त खटकते ती ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची वेगळी ओळ. या केसमध्येही ‘वॉर्ड कन्झ्युमेबल्स’ म्हणून रोजचे १,४०० प्रमाणे सहा दिवसांचे ८,४०० लावले होते. अशा ओळीवर ‘रक्कम जास्त आहे’ अशी तक्रार करू नका. ‘या रकमेत कोणत्या वस्तू आणि किती नग आहेत, याची यादी द्या’ एवढंच लेखी मागा. आठवडाभराने यादी आली: ग्लोव्हज, कापूस, स्पिरिट स्वॅब, मायक्रोपोर, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, जंतुनाशक, चादरी. यातल्या जंतुनाशक आणि चादरी सोडून प्रत्येक वस्तू फार्मसीच्या पावत्यांवर पेशंटच्या नावाने आधीच होती. एकच मायक्रोपोर फार्मसीत नावाने आणि मुख्य बिलात बिननावाने, असा दोनदा लागला होता. दोनदा लागण्याचा हा प्रकार मला सर्वांत जास्त सापडतो आणि नातेवाइकांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटतो, कारण दोन ओळींची नावं सारखी नसतात. त्यामुळे यादी मिळाली की तिच्यातली प्रत्येक वस्तू फार्मसीच्या पावत्यांत शोधा. यादी देताच आली नाही, तर त्या रकमेला आधार नाही, हे दवाखान्यालाही मान्य करावं लागतं.

लॅबबद्दल थोडक्यात. जितक्या तपासण्या लावल्या तितके रिपोर्ट हवेत, आणि प्रत्येक रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ असते. या बिलात १३ तारखेला इलेक्ट्रोलाइट्स दोनदा होते आणि रिपोर्ट एकच. पहिला नमुना खराब निघाल्यामुळे पुन्हा रक्त घेतलं होतं. त्याचे ६०० रुपये पेशंटकडून घेता येत नाहीत असं मी म्हटलं आणि लॅबने ते मान्य केलं. किडनीच्या पूर्ण तपासणीसोबत त्याच वेळेचं क्रिएटिनिन वेगळं लावलेलं असेल तर तेही दुबार धरा, कारण ते त्या तपासणीतच असतं.

विम्याचं म्हणाल तर तुमचा दावा अजून मंजूर झालेला नाही, त्यामुळे हे काम आत्ताच करा. विमा नियामकाने न मिळणाऱ्या वस्तूंच्या चार याद्या ठरवल्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तूंचे पैसे विमा सहसा देत नाही: ग्लोव्हज, मास्क, ईसीजी इलेक्ट्रोड, नेब्युलायझर किट, डायपर, आणि तपशील न दिलेलं कुठलंही ‘किट’. बाकीच्या तीन याद्यांतल्या वस्तू अनुक्रमे खोलीच्या भाड्यात, शस्त्रक्रियेच्या खर्चात आणि उपचाराच्या खर्चात आल्याच असं धरलं जातं. चादर, हाउसकीपिंग, पल्स ऑक्सिमीटर, इंजेक्शन टोचण्याची रक्कम, फाइल उघडण्याची रक्कम, समजावून न सांगितलेला ‘इतर खर्च’ हे सगळं खोलीच्या भाड्याच्या यादीत आहे. याचा अर्थ असा की कन्झ्युमेबल्समधली दुबार रक्कम विमा कंपनी भरत नाही, ती तुमच्याच खिशातून जाते. तुमच्या पॉलिसीसोबत कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पॉलिसीचा कागद एकदा पाहा. खाटेचे जास्तीचे दिवस विमा कंपनीने भरले तरी तुमच्या विमा रकमेतून तेवढे कमी होतात आणि वर्षभरात पुन्हा भरती व्हायची वेळ आली तर ते जाणवतं.

हरकतीचं पत्र एका पानापेक्षा मोठं लिहू नका. प्रत्येक मुद्द्याला बिलाचं पान, लागलेले नग, चार्टप्रमाणे नग आणि फरक एवढंच लिहा. ‘लूट’, ‘फसवणूक’ असे शब्द टाळा. ते वाचलं की पत्र वकिलाकडे जातं आणि महिनाभर तिथेच राहतं. आणि दर महाग आहे ही तक्रार या पत्रात मिसळू नका. आयसीयूचे ७,५०० जास्त वाटत असतील, पण दर्शनी लावलेल्या दरपत्रकात तोच दर असेल तर ती चुकीची नोंद ठरत नाही. दरपत्रकापेक्षा जास्त लावलं असेल तर मात्र तो मुद्दा घ्या. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी दवाखान्यांना दर आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते.

पत्र आधी बिलिंगच्या प्रमुखाला द्या, आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मेडिकल सुपरिंटेंडेंटला. त्यानंतर नागपूर महापालिकेचा आरोग्य विभाग, कारण शहरातल्या खासगी दवाखान्यांची नोंदणी तिथे असते आणि याच नियमांखाली तक्रार घ्यायची व्यवस्थाही नोंदणी करणाऱ्या कार्यालयात असते. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या बिलासाठी तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्याकडे आलेली बहुतेक प्रकरणं सुपरिंटेंडेंटच्या टेबलापुढे गेली नाहीत.

या केसमध्ये दवाखान्याने खाटेचे १३,०००, व्हायलचे १,५२०, तपासणीचे ६०० आणि कन्झ्युमेबल्समधले ६,३०० असे २१,४२० रुपये कमी केले. उरलेले २,१०० जंतुनाशक आणि चादरींचे म्हणून त्यांनी सोडले नाहीत, विमा कंपनीने ते दिले नाहीत आणि कुटुंबाने भरले. मला ते योग्य वाटत नाही, कारण चादर खाटेच्या भाड्यातच यायला हवी. पण तेवढ्यासाठी आयोगात जायची त्यांची तयारी नव्हती.

तुमची रक्कम कमी झाली तर रोख परत घेऊन तिथेच थांबू नका. जुनं बिल रद्द करून नव्या क्रमांकाचं सुधारित अंतिम बिल मागा, त्यासोबत फार्मसीच्या परतीच्या पावत्या घ्या, आणि दोन्ही विमा कंपनीकडे दाव्याच्या क्रमांकासह पाठवा. दाव्यात जुनं बिल आणि हातात कमी रकमेची पावती असं राहिलं, तर छाननी करणारा माणूस दावा थांबवतो आणि मग चौकशीची पत्रं तुमच्याच नावाने येतात.